नऊ शिक्के, एकच फोटो

नागपुरात दिवाळी सरली की पहाटेचं नळाचं पाणी बोचायला लागतं, आणि उन्हाळ्यात बिघडलेला गिझर तेव्हा कुठे लोकांना आठवतो. आमच्या त्रिमूर्तीनगरातल्या शेजारच्या काकांचंही गेल्या नोव्हेंबरात तसंच झालं. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. अर्थिंग नीट नसेल तर दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून बसले असतानाही उठून स्विच बंद करणारा माणूस. एका संध्याकाळी ते फोन घेऊन आमच्याकडे आले.

"पाय पोरी, पंचवीस लिटरचा गिझर, दोन हजार नऊशे नव्व्याण्णव. मला काहीतरी घोळ वाटून राहिला. पण तुझी काकू म्हणते, एवढे शिक्के मारले तं खोटं कसं असन?"

काकूंचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी गेली काही वर्षं छोट्या दुकानदारांना वेबसाइट करून देते. "ताई, खाली ते गोल गोल शिक्के लावा, विश्वास बसते लोकांचा" हे वाक्य दर दुसरा ग्राहक बोलतो, आणि मी ते लावलेही आहेत. ते कुठून येतात हे मला माहीत असल्यामुळेच काका माझ्याकडे आले. त्या संध्याकाळी दीडेक तास बसून आम्ही ती वेबसाइट तपासली. दुकानाचं नाव इथे देत नाही.

वेबसाइट दिसायला छान होती. गिझरचा मोठा फोटो, त्याखाली "2009 पासून लाखो घरांचा विश्वास", त्याखाली शिक्क्यांची पट्टी. पट्टीत मोजून नऊ शिक्के होते: काळ्या टिकमार्कचा व्हेरीसाइन, नॉर्टन, मॅकॅफी, कुलपाचं चित्र असलेलं "शंभर टक्के सुरक्षित", पैसे परत मिळण्याची हमी, आणखी तसेच चार. वेगळ्या जागी आयएसओचा निळा गोल, सोनेरी पानांच्या चक्रातला "वर्षातला सर्वोत्तम ब्रँड", आणि गिझरच्या फोटोवरच आयएसआय आणि पाच ताऱ्यांचं लेबल.

काकांना वाटलं होतं की मी शिक्के एकेक करून पाहीन. मी पहिल्या शिक्क्यावर बोट दाबून धरलं, आणि नऊच्या नऊ शिक्के एकदम उचलले गेले. म्हणजे ते नऊ नव्हतेच, एका फोटोत काढलेली एक पट्टी होती. फोनवर असं बोट दाबून धरलं की चित्र वेगळ्या टॅबमध्ये उघडायचा पर्याय येतो, आणि मग वर पत्त्यात त्या फाइलचं नाव दिसतं. लॅपटॉपवर पानाचा कोड उघडला तेव्हा तिथे एवढंच होतं:

```
<img src="/cdn/files/trust_badges_final2.webp" alt="">
```

खरा सुरक्षा-शिक्का असा बसत नाही. तो देणारी कंपनी एक लहानसा कोड देते. शिक्क्याचं चित्र त्या कंपनीच्या सर्व्हरवरून येतं, आणि त्यावर टिचकी मारली की त्याच कंपनीच्या पत्त्यावर एक खिडकी उघडते. त्या खिडकीत कोणत्या वेबसाइटला हा शिक्का दिला आणि तो आज चालू आहे का, हे लिहिलेलं असतं. इथे टिचकी मारून काहीच होत नव्हतं. फाइलच्या नावातलं `final2` पाहून मला मात्र हसू आलं, कारण माझ्याही लॅपटॉपवर अशाच नावाची एक फाइल पडलेली आहे. फुकट शिक्क्यांच्या अशा पट्ट्या नेटवर शेकड्यांनी मिळतात. त्याच चित्राचा गूगल लेन्सने शोध घेतला तर तीच पट्टी, त्याच क्रमाने, बूट विकणाऱ्या, केसांचं तेल विकणाऱ्या आणि कुत्र्याचे पट्टे विकणाऱ्या वेबसाइटांवर निघाली.

पट्टीतला पहिला, काळ्या टिकमार्कचा शिक्का तर आणखी मजेशीर. व्हेरीसाइनने वेबसाइटांना सुरक्षा-प्रमाणपत्रं द्यायचा हा धंदा 2010 साली सिमँटेक कंपनीला विकला. 2012 मध्ये तो टिकमार्क सिमँटेकच्याच नॉर्टन ब्रँडच्या नावाखाली गेला, आणि 2017 मध्ये सिमँटेकने तो सगळा व्यवसाय डिजिसर्टला विकून टाकला. म्हणजे जुन्या रूपातला व्हेरीसाइनचा शिक्का आज नव्या वेबसाइटला कोणी देऊच शकत नाही. शेजारी नॉर्टनचाही शिक्का होता. वडील आणि मुलगा एकाच वयाचे दाखवावेत तसं झालं.

"मंग ते कुलूप?" काकांनी विचारलं. ब्राउझरमधलं कुलूप म्हणजे तुमचा फोन आणि ती वेबसाइट यांच्यातलं बोलणं मधल्यामध्ये कोणी वाचू शकत नाही, इतकंच. पलीकडे बसलेला माणूस कोण आहे हे ते सांगत नाही. त्या कुलपामागचं प्रमाणपत्र आज फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, म्हणून लबाडाकडेही असतं. लोक त्याचा भलता अर्थ काढतात म्हणून क्रोमने 2023 मध्ये पत्त्याशेजारचं कुलूप काढून तिथे साधं चिन्ह ठेवलं.

इथवर आल्यावर काकांनी फोन खिशात घालायला घेतला. "खोटी हाय म्हणजे." मी म्हटलं, थांबा. पट्टी खोटी आहे, त्यावरून दुकान खोटं ठरत नाही. का, ते शेवटी सांगते. आता जे शिक्के काहीतरी ठोस म्हणतात ते पाहू.

आयएसओचा शिक्का, जो उघडतो

निळा आयएसओचा गोल पट्टीत नव्हता, वेगळा होता, आणि त्यावर टिचकी मारल्यावर खरंच एक पान उघडलं. दुसऱ्याच पत्त्यावर, एका प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं. हिरव्या अक्षरांत "चालू", दुकानाचं नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक, तीन वर्षांची मुदत. काकू तोवर स्वयंपाक टाकून आल्या होत्या. त्यांना वाटलं, झालं सिद्ध.

बहुतेक लोक इथे थांबतात. "टिचकी मारून पाहा" एवढाच सल्ला ऐकलेला असतो आणि टिचकी तर पास झालेली असते. म्हणून मी काकांना तीन गोष्टी पाहायला लावल्या.

पहिली म्हणजे, आयएसओ ही जिनिव्हाची संघटना मानकं लिहिते, कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम वेगळ्या संस्था करतात, आणि प्रमाणपत्रासोबत आयएसओचं स्वतःचं बोधचिन्ह वापरायला तिची परवानगी नसते. म्हणजे निळा गोल लावणं हेच मुळात नियमाबाहेर. पण खरं सांगायचं तर नागपुरातल्या कितीतरी सरळ कारखान्यांच्या गेटवरही तो रंगवलेला आहे. त्यामुळे यावरून मी कोणाला चोर म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रमाणपत्र देणारी संस्था कोणाला उत्तर देते? भारतात अशा संस्था तपासून त्यांना मान्यता देणारं मंडळ म्हणजे एनएबीसीबी. जगभरातल्या अशा मान्यता मंडळांची मिळून एक शोधयादी `iafcertsearch.org` वर आहे. मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रमाणपत्रावर मान्यता मंडळाचंही चिन्ह असतं. आम्ही पत्ता स्वतः टाईप करून एनएबीसीबीची यादी उघडली. ही संस्था तिथे नव्हती. दुसऱ्या देशाच्या मंडळाची मान्यता असू शकते, म्हणून शोधयादीत दुकानाचं नाव टाकलं, तिथेही काही आलं नाही. त्या यादीत प्रत्येक खरं प्रमाणपत्र असतंच असं नाही, तेवढी सूट ठेवायला हवी. पण दोन्हीकडे नाव नाही, आणि हिरवं "चालू" म्हणणारी संस्था स्वतःच स्वतःची साक्षीदार. असे कागद काही हजारांत, लेखापरीक्षकाने उंबरा न ओलांडताही मिळतात.

तिसरी गोष्ट काकांनीच पकडली. प्रमाणपत्राच्या पानावर "व्याप्ती" म्हणून एक ओळ असते, आणि कंपनीचं कोणतं काम तपासलं ते तिथे लिहिलेलं असतं. इथे लिहिलं होतं: घरगुती वस्तूंचा व्यापार. "म्हणजे गिझर तपासलाच नाही कोणी," काका म्हणाले. बरोबर. आयएसओ 9001 हे कंपनीच्या कामाच्या पद्धतीचं मानक आहे. नोंदी ठेवता का, तक्रार आली तर काय करता, चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलता, असं ते विचारतं. गिझरची टाकी किती दाब सोसते याच्याशी त्याचा संबंध नाही. खऱ्या संस्थेचं असतं तरी ते गिझरबद्दल काही बोललं नसतं.

प्रमाणपत्राची तारीख 19 ऑगस्ट होती. ती मी कागदावर लिहून ठेवली, कारण पुढे तिचा उपयोग झाला.

फोटोतली पाटी

आता आयएसआय. साठवणीच्या विजेच्या गिझरला हे चिन्ह सक्तीचं आहे, ते नसेल तर तो भारतात विकताच येत नाही. म्हणून गिझर विकणारा लबाड माणूस बाकी काही विसरेल, हे विसरणार नाही. या चिन्हाची रचना मात्र लोक कधी नीट पाहत नाहीत. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, म्हणजे `IS` आणि पुढे आकडे. चिन्हाखाली `CM/L-` आणि पुढे परवान्याचा क्रमांक. वरचा आकडा सांगतो वस्तू कोणती, खालचा सांगतो ती कोणत्या कारखान्याने बनवली. खालचा आकडा नसेल तर ते नुसतं चित्र.

वेबसाइटवर दोन आयएसआय होते. जाहिरातीच्या फोटोवर कोपऱ्यात एक मोठं, नितळ, खाली काही नसलेलं. ते सोडून दिलं. दुसरं चौथ्या फोटोत गिझरच्या बुडाशी लावलेल्या पाटीवर होतं. फोटो ताणून मोठा केला तर अक्षरं फुटत होती, तरी वर `IS 2082` वाचता येत होतं आणि खाली `CM/L-` पुढचे सगळे आकडेही. `IS 2082` हे साठवणीच्या गिझरचंच मानक. काही गिझरवर `IS 302-2-21` दिसतं, तेही चालतं, ते अशाच गिझरच्या सुरक्षिततेचं आहे. म्हणजे इथवर पाटी खरी वाटत होती, आणि काका म्हणालेही, "एवढं बारीक कोण खोटं करून राहिलं?"

भारतीय मानक ब्यूरोचं `BIS Care` नावाचं ॲप आहे. ते प्ले स्टोअरमधून, नाव स्वतः टाईप करून घ्यायचं, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. त्यात `Verify Licence Details` म्हणून एक जागा आहे. तिथे पाटीवरचा क्रमांक टाकला की कारखान्याचं नाव, पत्ता, परवान्याची मुदत, तो चालू आहे की थांबवलेला, त्यात कोणते प्रकार आणि कोणते ब्रँड येतात, हे सगळं येतं.

काकांनी चष्मा सावरून आकडे स्वतः टाकले. परवाना निघाला, चालू निघाला. दुसऱ्या राज्यातला एक कारखाना होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

नाव जुळत नाही म्हणून मी घाई केली नाही. गिझरच्या धंद्यात एकच कारखाना पाच-सात ब्रँडसाठी माल बनवतो. परवाना कारखान्याच्या नावाने असतो, विकणाऱ्याच्या नावाने असतोच असं नाही. म्हणून अशा वेळी कारखान्याच्या नावापेक्षा ब्रँडची ओळ पाहायची. ब्रँडच्या ओळीत या दुकानाचा ब्रँड नव्हता. आणि त्याच पानावर मानकाचा क्रमांक होता: `IS 368`.

हे मानक गिझरचं नाही, बादलीत सोडायच्या हीटर रॉडचं आहे.

काका काही क्षण बोललेच नाहीत. मग म्हणाले, "रॉडचा नंबर गिझरले लावला बाप्पा!" पाटीवर वर एक मानक आणि खालच्या क्रमांकावर परवाना दुसऱ्याच वस्तूचा. इथे छपाईची चूक किंवा ब्रँड नोंदवायचा राहून गेला असं म्हणायला जागाच उरत नाही. कोणीतरी एका खऱ्या रॉडच्या खोक्यावरून आकडे उचलले आणि फोटोतल्या पाटीवर बसवले. रॉडवाल्या कारखान्याचा यात काही दोष नाही, उलट त्याचाच क्रमांक चोरीला गेला. खोटा क्रमांक ठोकण्यापेक्षा चोरलेला खरा क्रमांक जास्त घातक असतो, कारण ॲप "चालू" म्हणतं आणि माणूस पुढची ओळ वाचत नाही.

फोटो पुन्हा नीट पाहिला तेव्हा दिसलं की पाटीवरची बाकी अक्षरं फुटकी होती, पण त्या एका ओळीतल्या आकड्यांच्या कडा जरा जास्त साफ होत्या. आधी माहीत नसतं तर मला ते दिसलं नसतं, हे कबूल करते. म्हणून फोटोत फेरफार झाला का हे डोळ्यांनी शोधण्यावर माझा फार भर नाही. आजकाल कडाही कोणी साफ ठेवत नाही.

पाच ताऱ्यांच्या लेबलाचं काम झटकन संपलं. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या लेबलावर गिझरची क्षमता लिहिलेली असते, आणि गरम पाणी नुसतं धरून ठेवण्यात चोवीस तासांत किती वीज वाया जाते तेही. जाहिरात पंचवीस लिटरची आणि लेबलावर पंधरा लिटर. मॉडेलच्या नावाची ओळ पांढऱ्या पट्टीने झाकलेली. लेबल दुसऱ्याच कोणाच्या गिझरचं होतं.

सोनेरी पानांच्या पुरस्कारात तर पुरस्कार देणाऱ्याचं नावच नव्हतं. कोणी दिला, कोणत्या गटात, कोणत्या साली, हे तिन्ही नसलं तर शोधायला सुरुवात तरी कुठून करणार? आणि असलं तरी, पैसे भरून मिळणारे पुरस्कार आपल्याकडे इतके आहेत की मी पुरस्काराला कधी मोजत नाही.

तीन नावं

वेबसाइटच्या तळाशी जीएसटी क्रमांक होता. हा काही विश्वासाचा शिक्का नाही, कर भरणाऱ्याची नोंद आहे. पण त्याची यादी सरकारकडे आहे आणि कोणालाही पाहता येते. `services.gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये पंधरा अक्षरी क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख आणि स्थिती दिसते. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. वेबसाइटवर पत्ता सीताबर्डीचा दिला होता आणि क्रमांक दुसऱ्या राज्याचा. व्यापारी नाव वेगळं. नोंदणीची तारीख 11 ऑगस्ट, त्याच वर्षाची.

काकांनी मघाचा कागद पुढे ओढला. 11 ऑगस्टला नोंदणी, 19 ऑगस्टला आयएसओ 9001. मान्यताप्राप्त संस्था प्रमाणपत्र देण्याआधी कंपनीने स्वतः घेतलेल्या अंतर्गत तपासणीच्या आणि व्यवस्थापनाच्या आढाव्याच्या नोंदी मागते. आठ दिवसांच्या दुकानाकडे त्या कुठून येणार? आणि "2009 पासून" हे वरती लिहिलेलंच होतं. जुना धंदा नव्या नावाने नोंदवला जाऊ शकतो, भागीदारी बदलली की क्रमांकही नवा येतो, म्हणून नुसत्या नव्या तारखेवरून मी निकाल दिला नसता. पण इथे दोन तारखा एकमेकींना खोटं पाडत होत्या.

ऑनलाइन विक्रीचे 2020 चे जे नियम आहेत त्यांत दुकानाचं कायदेशीर नाव, मुख्य पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-संपर्क दाखवणं बंधनकारक आहे. इथे फक्त एक व्हॉट्सॲप नंबर होता. काकांनी त्यावर निरोप टाकला. माझ्या सांगण्यावरून त्यांनी प्रश्न फार साधा ठेवला: गिझरच्या बुडाच्या पाटीचा आज काढलेला फोटो पाठवा, शेजारी कागदावर आजची तारीख लिहून ठेवा. माल खरंच हाताशी असेल तर हे दोन मिनिटांचं काम.

उत्तर लगेच आलं. वेबसाइटवरचाच चौथा फोटो. काकांनी पुन्हा विचारलं, तर आयएसओच्या प्रमाणपत्राची पीडीएफ आली. तिसऱ्यांदा विचारलं तर, "सर, ऑफर आज रात तक ही है", आणि पैसे भरायचा क्यूआर कोड. माल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय नव्हती. क्यूआर स्कॅन केल्यावर, रक्कम भरण्याआधी, बँकेत नोंदलेलं घेणाऱ्याचं नाव दिसतं. ते कोणा एका माणसाचं होतं. वेबसाइटचं नाव एक, जीएसटीत दुसरं, पैसे घेणारा तिसरा.

काकांनी ॲप तिथेच बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी `BIS Care` मधूनच मानक ब्यूरोकडे तक्रार टाकली, पाटीचा फोटो आणि परवान्याचं पान दोन्ही जोडून. पैसे गेले नव्हते म्हणून सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायची वेळ आली नाही. गेले असते तर पहिल्या तासात तिथेच करायला लावला असता.

आणि माझी पट्टी

पट्टी खोटी असली म्हणून दुकान खोटं नसतं, असं मी मघाशी म्हटलं होतं. ते सांगायला मला माझ्याच कामाकडे यावं लागतं.

इतवारीतल्या एका मसालेवाल्यांची वेबसाइट मी करून दिली आहे. दुकान वडिलांच्या काळापासूनचं, मिरची समोर कुटून देतात. त्यांना गोल गोल शिक्के हवे होते, म्हणून मी एक फुकटची पट्टी लावून दिली होती. काका गेल्यावर त्या रात्री मी माझीच वेबसाइट त्याच पद्धतीने तपासली. बोट दाबून धरलं, अख्खी पट्टी उचलली गेली. टिचकीला उत्तर नाही. त्यात नॉर्टनचा शिक्का, जो त्यांनी कधी घेतला नव्हता. "प्रमाणित सेंद्रिय" असं हिरव्या टिकमार्कचं एक चित्रही होतं, ज्याला काही आधारच नव्हता. ते पाहून मला खरंच लाज वाटली, कारण सुरक्षेचा शिक्का निदान मालाबद्दल काही सांगत नाही, हा मात्र थेट मिरचीबद्दल खोटं बोलत होता.

त्याच पानाच्या अगदी तळाशी, पुसट राखाडी अक्षरांत, त्यांचा एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक होता. पहिला आकडा 1, म्हणजे परवाना (2 असतो तेव्हा छोट्या व्यावसायिकाची नुसती नोंदणी), पुढचे 15 महाराष्ट्राचे. `foscos.fssai.gov.in` वर तो टाकला. दुकानाचं नाव जुळलं, इतवारीचा पत्ता जुळला, मसाल्यांचा प्रकार जुळला, मुदत चालू. तिऱ्हाईताच्या वहीत असलेली एकमेव खरी गोष्ट मी सगळ्यात बारीक अक्षरांत टाकली होती, आणि नेटवरून उचललेलं चित्र सगळ्यात मोठं.

दोन्ही वेबसाइटांच्या पट्ट्या सारख्याच खोट्या. फरक पडला तो आकड्यांत. एकीकडे आकडा, नाव, पत्ता आणि वस्तू चारही जुळले. दुसरीकडे आकडा खरा आणि बाकी सगळं दुसऱ्याचं.

काकांनी शेवटी बर्डीवरच्या एका दुकानातून गिझर घेतला, साडेसात हजारांच्या आसपास. पैसे देण्याआधी खोकं उघडायला लावलं, गिझर उलटा केला आणि पाटीवरचा क्रमांक ॲपमध्ये टाकला. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, मोठी कंपनी हाय, इचं काय पाहून राहिले?" काका म्हणाले, "मीटर पाह्यल्याशिवाय मी कोनाचंच बिल खरं मानलं नाही रे." मानक जुळलं, ब्रँड यादीत होता, तेव्हा पाकीट काढलं.

मी त्याच आठवड्यात मसालेवाल्यांची पट्टी काढून टाकली आणि चौदा आकडी क्रमांक वर आणून ठळक केला, खाली तो कुठे तपासायचा तेही लिहिलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"ताई, वेबसाइट उघडी-उघडी वाटून राहिली. ते गोल गोल कुठी गेले?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सेंद्रियचं चित्र गेलं ते बरंच झालं म्हणाले, कारण एका गिऱ्हाइकाने त्यावरून विचारलं होतं आणि त्यांना उत्तर देता आलं नव्हतं. मग जरा थांबून म्हणाले, "नंबर तं आपल्या पाकिटावर असतेच. पण ते हिरवं टिकमार्क मस्त दिसे."